अळमनेरचं अमळनेर: पीडीएफमधलं एक अक्षर बदलताना

लग्नसराईत आमच्या डीटीपीच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "एकच अक्षर शे ना भाऊ, त्याले काय टाईम लागस?" परवा ते नानांच्या तोंडून आलं. नाना अमळनेर तालुक्यातले, मुलगा सुरतेला कामाला. त्यानं तिकडेच ओळखीच्या पोराकडून लग्नपत्रिका बनवून घेतली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. डिझाईन झकास होतं, गणपती छान, रंग छान. फक्त विवाहस्थळाच्या ओळीत 'अमळनेर' ऐवजी 'अळमनेर' पडलं होतं. ज्यानं पत्रिका बनवली तो गावाला गेलेला, फोन बंद, मूळ फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर. आमच्या हातात होती ती फक्त पीडीएफ, आणि तिच्यातला मथळ्याचा फॉन्ट आमच्याकडे नव्हता.

मी नेहमीच्या सवयीनं अ‍ॅक्रोबॅटमध्ये फाईल उघडली, Edit PDF वर गेलो, 'ळम' निवडून 'मळ' टाईप केलं. अक्षरं बदलली, पण ती बारीक झाली, जरा खाली बसली आणि दोन्ही बाजूंनी शिरोरेषा तुटली. नानांना चष्म्याशिवायही ते दिसलं. इथे बरेच जण सॉफ्टवेअरला शिव्या देतात. खरं तर सॉफ्टवेअरकडे दुसरा इलाज नसतो, आणि तो का नसतो हे कळलं तरच पुढचं काम सोपं होतं.

आपल्याला वाटतं की पीडीएफमध्ये 'अमळनेर' हा शब्द लिहून ठेवलेला असतो. तसं नसतं. तिथे शब्द नसतो, आकृत्यांचे नंबर असतात. 'अमुक फॉन्टमधली ९ नंबरची आकृती इथे ठेव, तिच्या पुढे ५५ नंबरची ठेव', अशा सूचनांची ती यादी असते. त्या आकृत्या ज्या फॉन्टमध्ये आहेत तो फॉन्टही पीडीएफ आपल्या पोटात घेऊन फिरते, म्हणून ती कुठल्याही मोबाईलवर सारखी दिसते. पण पूर्ण फॉन्ट सहसा घेत नाही. देवनागरी फॉन्टमध्ये सुटी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्यांचे लांब-आखूड प्रकार धरून शेकड्यांनी आकृत्या असतात. पत्रिकेत त्यातल्या पन्नास-साठ वापरल्या असतील तर तेवढ्याच उचलायच्या आणि बाकी सोडून द्यायच्या, असा हिशेब असतो. याला सबसेट म्हणतात. बाजाराला निघालेल्या माणसानं घरातलं अख्खं धान्य न नेता पिशवीत मावेल तेवढंच न्यावं, तसं.

म्हणून पहिला प्रश्न 'एडिट कसं करायचं' हा नाहीच. पहिला प्रश्न असा, की मला हवं असलेलं अक्षर या पिशवीत आहे का?

अ‍ॅक्रोबॅट किंवा रीडरमध्ये फाईलच्या Properties मध्ये Fonts नावाचा भाग असतो. तिथे फॉन्टच्या नावापुढे Embedded Subset लिहिलेलं दिसलं की समजायचं, अर्धाच माल आलाय. मी स्वतः poppler नावाच्या मोफत संचातली एक छोटी आज्ञा वापरतो:

```
pdffonts patrika.pdf
```

नानांच्या पत्रिकेचं उत्तर साधारण असं आलं. फॉन्टचं खरं नाव इथे बदललंय आणि बाकीच्या ओळी गाळल्यात:

```
name               type          encoding    emb sub uni
BCDFEE+LagnaDev    CID TrueType  Identity-H  yes yes yes
```

नावाआधीची सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह ही सबसेटची खूण. emb म्हणजे फॉन्ट आत आहे का, sub म्हणजे अर्धवट आहे का, आणि uni म्हणजे 'कोणता नंबर म्हणजे कोणतं अक्षर' याचा तक्ता फाईलमध्ये आहे का. तिन्हीकडे yes असेल तर नशीब बरं म्हणायचं.

emb खाली no दिसलं तर गोष्ट वेगळी. मग फॉन्ट फाईलमध्ये मुळीच नसतो, नुसतं नाव असतं, आणि तुमचा कॉम्प्युटर त्या नावाच्या जागी हाताला लागेल तो फॉन्ट बसवतो. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये बनवलेली कागदपत्रं अशी आली की 'भारत' च्या जागी Hkkjr दिसतं. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी आकृत्या राहतात. H च्या घरात अर्धा भ, k च्या घरात काना, j च्या घरात र, r च्या घरात त. अर्धा भ आणि एक काना मिळून पूर्ण भ होतो, त्यापुढे दुसरा काना, मग र आणि त. अशा वेळी फार डोकं चालवू नका. तोच फॉन्ट मिळवून कॉम्प्युटरवर टाका, फाईल पुन्हा उघडा, निम्मं काम तिथेच होतं. मात्र दुरुस्ती करताना युनिकोडचा मराठी कीबोर्ड चालणार नाही, त्या फॉन्टच्या कळाच दाबाव्या लागतील.

आता नानांच्या अळमनेरकडे. इथे एक मजेची गोष्ट होती. चुकीच्या शब्दात आणि बरोबर शब्दात अक्षरं तीच आहेत, फक्त दोघांनी जागा बदलल्यात. म्हणजे म पण पिशवीत आहे आणि ळ पण. मग अ‍ॅक्रोबॅटनं दुसरा फॉन्ट का लावला? कारण आपण नवीन टाईप केलं की तो कॉम्प्युटरवर बसवलेला फॉन्ट शोधतो. फाईलच्या आतला तुकडा दाखवायला चालतो, टाईप करायला त्याच्या उपयोगाचा नसतो. शिवाय मराठी टाईप करायचं तर कोणत्या अक्षराला कोणतं अक्षर कसं जोडायचं याचे नियम फॉन्टमध्ये लागतात, आणि सबसेट करताना ते नियम सहसा गळून पडतात. उरतात त्या नुसत्या आकृत्या.

म्हणून टाईप करायचंच नाही. आहेत त्याच आकृत्यांची अदलाबदल करायची. पीडीएफचा आतला मजकूर दाबून ठेवलेला असतो, तो आधी मोकळा करावा लागतो. त्यासाठी qpdf हे मोफत साधन आहे:

```
qpdf --qdf --object-streams=disable patrika.pdf ughada.pdf
```

ही मोकळी फाईल नोटपॅड++ सारख्या एडिटरमध्ये उघडायची. साध्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. फाईलमध्ये चित्रांचे आणि फॉन्टचे बाइट्स असतात, ते बिघडले तर फाईलच उघडत नाही. उघडल्यावर आधी तो तक्ता शोधायचा, त्याचं नाव ToUnicode. नानांच्या फाईलमध्ये आमच्या कामाच्या ओळी या होत्या:

```
<0032> <092E>
<0037> <0933>
```

डावीकडे या फॉन्टमधला आकृतीचा नंबर, उजवीकडे युनिकोडमधलं अक्षर. 092E म्हणजे म, 0933 म्हणजे ळ. हे उजवीकडचे आकडे जगभर सारखे असतात, डावीकडचे प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळे. मग पानाच्या मजकुरात 0037 च्या लगेच पुढे 0032 कुठे येतो ते शोधलं. एकाच ठिकाणी सापडला:

```
<000900370032002C004B0034> Tj
```

चार-चार आकड्यांचे तुकडे पाडून वाचा: अ, ळ, म, न, मात्रा, र. मधले दोन तुकडे उलटे केले की झालं:

```
<000900320037002C004B0034> Tj
```

फाईल सेव्ह करून fix-qdf या जोडीच्या आज्ञेतून काढली:

```
fix-qdf ughada.pdf > tayar.pdf
```

'अमळनेर' जसं हवं तसं उमटलं, त्याच फॉन्टमध्ये, अखंड शिरोरेषेत. ओळ मधोमध होती ती मधोमधच राहिली, कारण म आणि ळ यांची रुंदी मिळून तेवढीच भरते, क्रम कुठलाही असो. न वरची मात्राही हलली नाही, कारण न मुळात जागचा हललाच नव्हता. अदलाबदलीची चूक ही पीडीएफमधली सगळ्यात गरीब चूक. एक अक्षर जास्त पडलं असेल तर तेही काढता येतं, फक्त मग ओळ अर्ध्या अक्षराएवढी एका बाजूला सरकते आणि तिची सुरुवात थोडी पुढे ढकलावी लागते.

प्रत्येक फाईल इतकी सरळ नसते, हेही सांगतो. काही सॉफ्टवेअर अख्खा शब्द एका दमात न लिहिता प्रत्येक आकृतीची जागा वेगळी लिहितात. तिथे नंबर उलटे केले तरी मोकळी जागा जुन्या अक्षराच्या रुंदीनुसार राहते, म्हणून जागाही बदलावी लागते. दुसरी गंमत पहिल्या वेलांटीची. 'मिनिटांनी' हा शब्द फाईलमध्ये आपण बोलतो तसा नसतो, डोळ्यांना दिसतो तसा असतो: आधी वेलांटी, मग म, पुन्हा वेलांटी, मग न. चांगल्या फॉन्टमध्ये वेलांटीही एक नसते. अरुंद अक्षराला आखूड कमानीची आणि रुंद अक्षराला लांब कमानीची, अशा दोन-चार असतात. म्हणून 'मि' चा 'नि' करताना नुसतं अक्षर बदललं तर कमान पुढे लोंबते किंवा काठीपर्यंत पोचतच नाही.

फाईल नानांना पाठवली. तासाभरात पुन्हा फोन. मुहूर्तही चुकलाय. 'सायंकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी' छापलंय, गुरुजींनी ४५ सांगितले होते. आता इथे खरी अडचण. तक्त्यात ४ चा युनिकोड 096A शोधला, सापडला नाही. तारखेत ४ नव्हता, वेळेत नव्हता. खाली मोबाईल नंबरांत भरपूर होते, पण ते दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि इंग्रजी आकड्यांत. म्हणजे ४ पिशवीत आलाच नव्हता.

तरीही एक खोडी करून पाहिली. फॉन्टमध्ये आकडे बहुतेक वेळा ओळीनं मांडलेले असतात. २ चा नंबर कळला की त्यात दोन मिळवून ४ चा नंबर काढता येतो. तो टाकला. पानावर २ गेला आणि त्याच्या जागी कोरी जागा आली, तीही नको तेवढी रुंद. कारण सबसेट करताना ४ चा खण ठेवला होता, आकृती मात्र काढून टाकली होती, आणि त्याची रुंदीही फाईलमध्ये नव्हती म्हणून ठरलेली मोठी रुंदी लागली. काही फाईलींमध्ये अशा जागी कोऱ्याऐवजी चौकोन येतो. कोरी जागा किंवा चौकोन दिसला की प्रयत्न सोडायचा. जे आत नाहीच ते कुठल्याही युक्तीनं बाहेर येत नाही.

अशा वेळी पहिला आणि खरा उपाय म्हणजे फॉन्ट मिळवणं. यादीतलं अधिकच्या चिन्हापुढचं नाव पाहायचं. तो 'मुक्त', 'बालू' यांच्यासारखा मोफत मिळणारा फॉन्ट असेल तर दोन मिनिटांत उतरवून बसवता येतो आणि मग अ‍ॅक्रोबॅटमध्येही नीट टाईप होतं. नानांचा फॉन्ट विकतचा होता. एका आकड्यासाठी तो विकत घ्यायला नाना तयार नव्हते, आणि कुठून तरी फुकट उचलायला मी तयार नव्हतो.

मग उरतो उसना आकडा. यासाठी पत्रिका कोरलड्रॉमध्ये घेतली. पीडीएफ आत घेताना कोरल विचारतो की मजकूर Text म्हणून घेऊ की Curves म्हणून. घाईत Text वर टिचकी मारली की फॉन्ट नसल्यानं तो बदली फॉन्ट लावतो आणि पूर्ण पत्रिकेची वाट लागते. Curves घेतलं की फाईलच्या आतल्याच आकृत्या जशाच्या तशा रेषा होऊन येतात, फॉन्टची गरजच संपते. कोरल नसेल तर इंकस्केपमध्येही हेच जमतं. आत घेताना पॉपलरचा पर्याय निवडायचा.

मुहूर्ताच्या ओळीतला २ काढला. शेजारचा ५ मोजला, उंची ४.६ मिलिमीटर. त्याच्या जवळ जाणारा फॉन्ट शोधताना मी डौलाकडे नाही, रेषेच्या जाडीकडे पाहतो. 'मुक्त' हा फॉन्ट सात जाडींमध्ये मिळतो, म्हणून तो हाताशी ठेवतो. त्यातला ४ त्याच पॉइंटात घेतला तर उंची ४.१ भरली. तो ११२ टक्के केला, उंची जुळली. पण मोठा केला की रेषही जाड होते, त्यामुळे आधी सेमीबोल्ड घेतला होता तो उठून दिसायला लागला. एक पायरी खाली येऊन मीडियम घेतला, तेव्हा ५ शेजारी तो घरचाच वाटला. मग कंट्रोल क्यू दाबून त्याचेही कर्व्ह केले, खालची कड ५ शी जुळवली, ६ आणि ५ च्या रंगाचाच नमुना दिला.

इथे आकडा होता म्हणून उसनवारी खपली. आकड्याला शिरोरेषा नसते, तो एकटा उभा असतो, दोन्ही बाजूंना हवा असते. अक्षराचं तसं नाही. शब्दाच्या मध्ये दुसऱ्या फॉन्टचं अक्षर बसवलं की शिरोरेषेची जाडी केसभर जरी वेगळी असली तरी पायरी पडते, आणि मराठी डोळा वाचताना शिरोरेषेवरूनच धावतो. म्हणून अक्षर गहाळ असेल तर माझा नियम असा की एक अक्षर बदलायचं नाही, पूर्ण ओळ दुसऱ्या फॉन्टमध्ये नव्यानं टाकायची. वर-खाली दोन ओळी वेगवेगळ्या फॉन्टच्या असल्या तर डिझाईन वाटतं, एका शब्दात दोन फॉन्ट असले तर चूक वाटते. ओळ नव्यानं टाकताना ल आणि श कडे बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये हे दोन्ही हिंदी वळणाचे असतात. एका ओळीत हिंदी ल आणि दुसऱ्या ओळीत मराठी ल, हे आपल्याकडच्या शाळामास्तरांना छापून आल्या आल्या दिसतं.

एक फसगत कर्व्हमध्येही आहे. शब्द नीट राहावा म्हणून सगळे तुकडे निवडून कंट्रोल एलनं Combine केले, तर जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात तिथे बारीक पांढरी चीर पडते. स्क्रीनवर ती दिसत नाही, प्लेटवर दिसते. एका जाहिरातीत ती मला मशीनवरून कागद उतरल्यावर दिसली होती. एकत्र करायचं तर Weld करा, नाहीतर नुसता ग्रुप करा.

बरेच जण याहून सोपा मार्ग धरतात. चुकीच्या जागी पांढरा चौकोन ठेवायचा आणि वर नवीन मजकूर टाकायचा. पांढऱ्या कागदावर एका अंकासाठी मी तेही चालवून घेतो. पण खाली फिक्कट पिवळा रंग असेल तर ठिगळ दिसतं, आणि जुना मजकूर जातच नाही, फक्त झाकला जातो. कोणी मोबाईलवर ती ओळ कॉपी केली तर जुनाच मजकूर बाहेर येतो.

आणि काही पीडीएफ अशा असतात की त्यांना हातच लावायचा नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यात नाव चुकलं म्हणून लोक आमच्याकडे येतात. त्यात एक बाइट बदलला तरी सही तपासताना 'कागद बदलला आहे' असं कळतं, आणि कळलं नसतं तरी ते काम दुकानाचं नाही. ती दुरुस्ती तलाठ्याकडे आणि तहसीलात.

नानांचं काम हातावेगळं करायच्या आधी दोन गोष्टी पाहिल्या. तयार फाईलवर पुन्हा pdffonts चालवलं. कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये फॉन्टची यादी रिकामी आली, म्हणजे छापखान्यात काही बदलायची भीती नाही. गावाच्या नावापुरती जी पहिली फाईल केली होती, तिच्यात यादी जुनीच होती. तिथे एखादं नवं नाव, म्हणजे मंगल किंवा निर्मला वगैरे, उगवलं असतं तर कुठेतरी गुपचूप बदली फॉन्ट शिरलाय असं समजलो असतो. मग दोन्ही ओळी चारशे टक्के मोठ्या करून शिरोरेषा आणि आकड्यांची खालची कड एकदा डोळ्याखालून घातली.

नाना तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर बसले होते. अळमनेरची पत्रिका सुरतेतून आधीच चार ग्रुपमध्ये गेली होती. "आते ती कशी सुधारानी?" असं त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच प्रत्येक ग्रुपमध्ये नवीन फाईल टाकायला लागले.